आधी कळवता न येणारी रजा

"इथून पुढे आजारी पडणार असशील, तर आदल्या दिवशी कळवत जा," असं माझे मॅनेजर मला म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

वर्षअखेरीच्या मूल्यमापनाची बैठक होती. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात काचेच्या भिंतींची एक खोली होती. तिथे आत बसलेल्याचं तोंड बाहेरच्या सगळ्यांना दिसायचं. मॅनेजर चाळिशीचे, सदाशिव पेठेत वाढलेले. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे ते ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर बोचायचं. मी त्यांच्या हाताखाली टेस्टिंगचं काम करायचे. एका परदेशी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी, म्हणजे रिलीजआधी, त्यातल्या चुका शोधणं, हे आमचं काम. मूल्यमापनाच्या कागदावर माझ्या कामाबद्दल चांगलंच लिहिलं होतं. पण सगळ्यात खाली एक ओळ होती : भरवशाच्या बाबतीत सुधारणेस वाव.

"हे कशावरून?" मी विचारलं.

"अनप्लॅन्ड रजा. बघ ना, पूर्ण टीममध्ये तुझ्या सगळ्यात जास्त."

"मी आजारी होते."

"हो ना. पण माणूस आजारी पडतो तेव्हा एकदाच पडतो. तू हप्त्याहप्त्याने पडतेस." मग ते आदल्या दिवशी कळवण्याचं वाक्य आलं.

मला राग आला. मी घाबरले असं त्यांना वाटलं असावं. प्रत्यक्षात त्या खोलीत मला एकदम स्पष्ट दिसलं, की आमच्या कंपनीच्या रजेच्या पद्धतीत माझ्यासारख्या माणसाला जागाच नाही. आधी अर्ज करून मंजूर करून घेतलेली रजा म्हणजे शिस्त. सकाळी उठून घेतलेली रजा म्हणजे बेशिस्त. तापाने आठवडाभर झोपलेला माणूस एक सर्टिफिकेट देऊन सुटायचा. माझं दुखणं दोन दिवस यायचं, जायचं, महिनाभर यायचं नाही, मग पुन्हा एक दिवस यायचं. दर वेळी नवा गुन्हा.

दुखण्याचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, व्रण होतात. कधी कधी महिनाभर काही नसतं. मी मिसळही खायचे. मग एखाद्या पहाटे पोटात मुरडा उठतो, आणि त्या दिवशी संडासाच्या दारापासून लांब जाता येत नाही. रक्त जातं. दुपारपर्यंत हातापायातली ताकद संपते. औषधं रोजची असतात, ती चुकवलेली नसतात, तरी येतं. डॉक्टर त्याला फ्लेअर म्हणायचे. आई म्हणायची, "उठलं का गं दुखणं?" कशाने उठतं, हे आजपर्यंत मला कोणी खात्रीने सांगितलेलं नाही. शेजाऱ्यांनी मात्र सांगितलं. बाहेरचं खाणं, कॉम्प्युटर, उशिरापर्यंत लग्न न करणं.

आम्ही कर्वेनगरात राहायचो. कंपनीची बस सकाळी तिथून निघायची आणि हिंजवडीला पोचायला तास-सव्वा तास लागायचा. मधल्या रस्त्यावर संडासाची काहीच सोय नाही. एकदा मी हट्टाने, पोटात कळ असतानाच बसमध्ये चढले, कारण त्याच महिन्यात एक रजा झाली होती. बायपासवर गाडी अडकली. मी ड्रायव्हरला सांगून उतरले आणि चालत एका पेट्रोल पंपावर गेले. संडासाला कुलूप.

"किल्ली सायबाकडं हाय," पंपावरचा माणूस म्हणाला.

साहेब आत पैसे मोजत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "फक्त कस्टमरसाठी आहे."

"मी कस्टमर आहे. एक लिटर पेट्रोल द्या."

"गाडी कुठंय?"

"गाडी गेली. पेट्रोल तुम्हीच ठेवा, किल्ली द्या."

त्यांनी दिली. त्या दिवशी मी ऑफिसला पोचलेच नाही. रिक्षाने घरी आले. म्हणजे रजा वाचवायला गेले आणि रजा झालीच, वर बसमधल्या सगळ्यांनी मला पळताना पाहिलं. त्यानंतर मी ठरवलं, की दुखणं उठलेल्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही. मूल्यमापनात मोजलेल्या त्या बहुतेक रजा या ठरवण्यामुळे झालेल्या होत्या.

बैठकीनंतर मी एचआरकडे गेले. तिथली बाई माझ्याच वयाची, हसतमुख, नागपूरकडची निघाली. आमचं मूळ गाव वर्ध्याकडे, त्यामुळे बोलणं चटकन जमलं. तिने ऐकून घेतलं.

"प्रत्येक वेळी वेगळा अर्ज करूच नका ना," ती म्हणाली. "एकच कायमची विनंती लिहून द्या. की असा असा त्रास आहे, तो आला की अशी अशी सवलत द्या. लेखी असलं की मला पुढे नेता येईल. पण मॅनेजरची संमती लागेल."

मॅनेजरना सांगितलं, तर त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. ते माझ्या भल्याचंच सांगत होते, यात शंका नाही.

"हे बघ, आजाराचं नाव वगैरे लिहू नकोस. लेडीज प्रॉब्लेम असं लिही. कोणी पुढे विचारत नाही. मीही विचारणार नाही."

"पण मला लेडीज प्रॉब्लेम नाहीये."

"अगं, कळतंय. पण हे म्हणजे... कॉन्फरन्स रूममध्ये कोण बोलणार या विषयावर?"

"मी बोलीन," मी म्हणाले. त्यांनी खुर्ची मागे घेतली.

घरी बाबांना सांगितलं. बाबा सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं सोडून, धम्म स्वीकारून, मुलांना शाळेत घातलं होतं. त्या घरातून सरकारी खुर्चीवर बसलेले बाबा पहिले. हयातभर त्यांनी अर्ज, टिपणं, खुलासे लिहिले होते. शेजारपाजारचे लोक पेन्शनपासून पाण्याच्या नळापर्यंत सगळ्याचे अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. माझी गोष्ट ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर उजेडच आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा घरातल्या कोणाला त्यांची गरज पडली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मसुदा पुढे ठेवला. इंग्रजीत, सुंदर अक्षरात. सुरुवात होती : 'आय बेग टू स्टेट.' पुढे माझी नाजूक प्रकृती, माझ्या अपरिहार्य गैरहजेरीने कार्यालयास होणारा त्रास, त्याबद्दल दिलगिरी, आणि शेवटी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून कृपा करावी.

मी वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"बेग म्हणजे काय बाबा? भीक मागणं."

"अगं, तो फक्त शब्द आहे. सगळेच लिहितात."

"मग सगळेच भीक मागतात. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, मान खाली घालून काही घ्यायचं नाही?"

"काहून चिडतेस?" बाबा म्हणाले. "कागद वाकला म्हणून माणूस वाकत नाही. मी हाच शब्द लिहून किती लोकांची कामं करून घेतली. समोरच्याला मोठं वाटलं, की तो सही करतो."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी काय?"

"कृपा एकदा करतात, बाबा. मला दर महिन्याला लागणार आहे. दर महिन्याला कोण कृपा करतं?"

बाबांनी चष्मा काढून ठेवला. आई आतून म्हणाली, "जेवून घ्या आधी, मग भांडा." आम्ही जेवलो. हात धुऊन आल्यावर बाबा म्हणाले, "बरं. कृपा नको, तर काय पाहिजे ते सांग. एकेक."

आणि मला सांगता येईना. इतके दिवस मी चिडत होते, पण नेमकं काय मागायचं याचा विचारच केला नव्हता. 'मला समजून घ्या' हे कागदावर मागता येत नाही. ते मंजूरही करता येत नाही आणि नामंजूरही.

तिथून खरं काम सुरू झालं. बाबा प्रश्न विचारायचे, मी उत्तर द्यायचे, आणि उत्तरातून वाक्य निघायचं. दुखणं आलं की ऑफिसला कळवणार कसं? एसएमएसने. कधी? कामाची वेळ सुरू व्हायच्या आत. आणि ते जमलंच नाही, तर जमेल तितक्या लवकर. कोणाला? मॅनेजरला आणि टीममधल्या एकाला. त्यात काय लिहिणार? फक्त एवढंच, की आज या विनंतीप्रमाणे रजा. पोटाचं वर्णन दर वेळी करणार नाही. दर वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणणार का? नाही, कारण त्या अवस्थेत दवाखान्यात जाणं हाच त्रास, आणि डॉक्टरही प्रत्येक दिवसाचा कागद देत बसणार नाहीत. मग खरं कशावरून? आजाराचं एक सविस्तर सर्टिफिकेट सोबत जोडणार. सलग काही दिवसांपेक्षा जास्त लांबलं, तर नेहमीसारखी वैद्यकीय रजा आणि नेहमीसारखा कागद. अर्धा दिवस बरं वाटलं तर? घरून काम करीन. कंपनीने लॅपटॉप आणि जोडणी दिली तर. रजा कुठल्या खात्यातून? आजारपणाच्या, मग हक्काच्या, आणि त्याही संपल्या तर बिनपगारी.

"आणि कामाचं काय?" बाबांनी विचारलं. "तू नसलीस तर तिकडे काय होतं?"

इथे मी थोडी अडखळले, कारण मॅनेजरची खरी तक्रार तीच होती. मी अचानक गेले, की माझं काम कुठवर आलंय हे कोणालाच कळायचं नाही. तो राग खोटा नव्हता. मग मी एक वाक्य स्वतःहून घातलं : रोज निघण्याआधी माझ्या कामाची स्थिती मी सामायिक फोल्डरमध्ये लिहून ठेवीन, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते कोणीही उचलू शकेल. हे मी कोणाच्या मेहेरबानीची परतफेड म्हणून घातलं नाही. ते मला देता येण्यासारखं होतं, म्हणून घातलं.

बाबांनी दिलगिरी मात्र पुन्हा एकदा शेवटी घुसवली. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, एवढं तरी राहू दे. साधी रीत आहे."

"मी माझ्या आतड्याबद्दल माफी मागणार नाही."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "बरोबर बोलते ती." बाबांनी ओळ खोडली.

सर्टिफिकेट आणायला कर्वे रस्त्यावरच्या माझ्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर गर्दी मावत नव्हती. त्यांनी सवयीने लिहून दिलं : पाच दिवस विश्रांतीचा सल्ला.

"डॉक्टर, हे नको. मला आज काही झालेलं नाही."

"मग आलीस कशाला?"

मी सांगितलं. त्यांनी दुसरा कागद ओढला आणि भराभर लिहिलं. आजाराचं नाव, दीर्घकाळ चालणारा, अधूनमधून उसळणारा, उसळी कधी येईल हे आधी सांगता येत नाही. एकदम बरोबर. शेवटी त्यांनी लिहिलं : ताणाचं काम टाळावं.

मी कागद घेऊन रस्त्यावर आले, वाचला, आणि परत आत गेले. कंपाउंडर म्हणाला, "आत्ता झालं ना तुमचं?" मी म्हटलं, झालं नाही.

"ही शेवटची ओळ काढून द्या," मी डॉक्टरांना म्हणाले.

"ती तुझ्याच फायद्याची आहे."

"नाही. उद्या हीच ओळ दाखवून मला मोठ्या प्रोजेक्टवरून काढतील. म्हणतील, डॉक्टरांनीच सांगितलंय. तुमच्या मते मला काम झेपत नाही का?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर टाकलं. बहुधा त्यांनी ती ओळ इतक्या लोकांना लिहून दिली होती, की तिचं पुढे काय होतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "झेपतं," ते शेवटी म्हणाले. "मधल्या काळात तू पूर्ण ठणठणीत असतेस." "मग तेच लिहा," मी म्हणाले. त्यांनी वैतागून नवा कागद लिहिला : दोन उसळ्यांच्या मधल्या काळात कोणत्याही स्वरूपाच्या पूर्णवेळ कामास योग्य. खाली शिक्का मारताना म्हणाले, "वकील व्हायला हवी होतीस."

विनंतीची मेल गेली, आणि आठवड्याभराने त्याच काचेच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मॅनेजर, एचआरची बाई, मी. मॅनेजरनी मेल छापून आणली होती आणि त्यावर लाल पेनने खुणा केल्या होत्या.

"पहिलं," ते म्हणाले, "यात सगळीकडे 'कळवीन' असं आहे. कळवणं आणि परवानगी मागणं यात फरक असतो. इथे 'मॅनेजरच्या मंजुरीने' असं घालावं लागेल."

"तुम्ही नामंजूर केलीत, तर मी काय करायचं?"

"तशी वेळ येणार नाही."

"येणार नसेल, तर शब्द कशाला?"

"पद्धत असते."

"सकाळी सहाला तुम्हाला मंजुरी कोण मागणार?" मी म्हणाले. "मी तेव्हा संडासात असते. एका हातात फोन धरून तुमच्या उत्तराची वाट बघू का?"

काचेपलीकडे कोणाला ऐकू गेलं नसेल, पण आतली दोघंही एकदम टेबलाकडे बघायला लागली. एचआरच्या बाईचे कान लाल झाले. मीच पुढे बोलले, कारण थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं.

"हा शब्द तुम्हाला ऐकवत नसेल, पण मला तो जगावा लागतो. लेडीज प्रॉब्लेम नाही, डोकेदुखी नाही, घरगुती कारण नाही. आतड्यातून रक्त जातं. ते थांबलं की मी येते आणि तुमच्या चुका शोधते. गेल्या रिलीजमधली सगळ्यात मोठी चूक कोणी शोधली?"

"तू," मॅनेजर म्हणाले. त्यांनी ते सरळपणे मान्य केलं, हे मला अजून आठवतं.

एचआरच्या बाईने मधला रस्ता काढला. मंजुरी एकदाच, आत्ता, या विनंतीला. त्यानंतर प्रत्येक वेळी फक्त सूचना. "म्हणजे मॅनेजरची मंजुरी आहेच, फक्त ती आधी दिलेली आहे," ती म्हणाली. मॅनेजरनी लाल पेनाने तसं लिहून घेतलं.

दुसरी खूण महिन्याच्या मर्यादेवर होती. महिन्यातून जास्तीत जास्त दोन दिवस, असा आकडा त्यांना हवा होता.

"तिसऱ्या दिवशी आतड्याला काय सांगू?"

"मला टीम चालवायची असते गं. अंदाज तरी नको का?"

"अंदाज देता आला असता, तर मी आधीच अर्ज केला असता. महिन्याचा आकडा नको. वर्षाची रजा माझ्या खात्यात जेवढी आहे तेवढी आहे. ती संपली की पगार कापा. आणि सहा महिन्यांनी एकत्र बसून बघू, की हे चालतंय का."

यावर बराच वेळ गेला. मॅनेजरनी ग्राहकाचं सांगितलं, रिलीजच्या आठवड्याचं सांगितलं. मी रोजच्या नोंदीच्या वाक्यावर बोट ठेवलं. शेवटी ते म्हणाले, "नोंद एक दिवस जरी चुकली, तरी हे रद्द." मी म्हणाले, "नोंद चुकली तर नोंदीबद्दल बोला." तेही लिहिलं गेलं नाही, पण रद्द करण्याचं वाक्यही लिहिलं गेलं नाही.

एक गोष्ट मात्र मिळाली नाही. या रजा मूल्यमापनात 'अनप्लॅन्ड' म्हणून मोजू नयेत, ही माझी शेवटची ओळ होती. एचआरच्या बाईने मान हलवली. "ते माझ्या हातात नाही. पूर्ण कंपनीचं गणित आहे ते." मी ओळ काढली नाही. "नाही म्हणायचं असेल, तर लेखी नाही म्हणा," मी सांगितलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. कंपनीने माझ्या प्रकृतीकडे पाहून, विशेष बाब म्हणून, अनुकंपेच्या आधारावर ही सवलत मंजूर केली होती. मूल्यमापनाबद्दल, लेखीच, नाही म्हटलं होतं.

बाबांनी वाचून टाळी वाजवली. "झालं! सगळं मिळालं. आता गप बस."

"अनुकंपा आहे यात."

"असू दे ना. सरकारी नोकरीत कोणी मेलं, की अनुकंपेवर पोराला घेतात. चांगला शब्द आहे तो."

"मी मेलेली नाही, बाबा."

मी उत्तर लिहिलं. आभार मानले, आणि कळवलं की बैठकीत आपण कामाची एक व्यवस्था ठरवली, तिला दोन्ही बाजूंनी अटी आहेत. त्यामुळे 'विशेष बाब' आणि 'अनुकंपा' हे शब्द वगळून सुधारित पत्र द्यावं. मिळालेलं हातचं जाईल, असं मलाही वाटत होतं. एचआरच्या बाईचा फोन आला. "अहो, कशाला शब्दांच्या मागे लागता? मोठे साहेब चिडले तर?"

"उद्या तुम्ही इथे नसाल," मी म्हणाले. "दुसरं कोणी येईल आणि विचारेल, ही अनुकंपा अजून किती दिवस? तुम्हाला तेव्हा कुठून शोधू?"

ती म्हणाली, "बघते." दोन ओळींचं नवं पत्र आलं : खालील व्यवस्थेस मान्यता देण्यात येत आहे. बास. बाबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "यात काही गोडवाच नाही." मला त्या पत्राचा तोच भाग आवडला होता.

पहिली वेळ आली ती नेमकी रिलीजच्या आठवड्यात. पहाटे मुरडा उठला. मी एसएमएस केला : आज ठरल्याप्रमाणे रजा. कालपर्यंतचं काम फोल्डरमध्ये आहे. थोड्या वेळाने फोन वाजला. मॅनेजर होते.

"आज? अगं, अकराला ग्राहकाबरोबर कॉल आहे."

"माहिती आहे."

"अर्धा तास तरी घे फोनवर."

"पत्र काढून बघा. बरं वाटलं तर घरून काम करीन, असं आहे त्यात. बरं वाटत नाहीये."

"तू मला पत्र दाखवतेस?"

"हो," मी म्हणाले. "त्यासाठीच घेतलंय ते." आणि मला फोन ठेवावाच लागला, बाकी कशासाठी नाही, तर थांबणं शक्य नव्हतं म्हणून.

कॉल माझ्याशिवाय झाला. टीममधल्या एका मुलीने माझी नोंद समोर ठेवून सगळं सांगितलं. मी तिसऱ्या दिवशी गेले, तेव्हा मॅनेजर माझ्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलले. मग एका सकाळी त्यांनी पूर्ण टीमला सांगितलं, की इथून पुढे सगळ्यांनीच रोजची नोंद फोल्डरमध्ये ठेवायची. माझं नाव घेतलं नाही. मीही काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी कँटीनमध्ये दोन वडापाव खाल्ले.

काही महिन्यांनी शेजारच्या टीममधला एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळला. त्याला अर्धशिशी होती, भयंकर. झटका आला की उलट्या व्हायच्या, उजेड सहन व्हायचा नाही. त्याला माझं पत्र हवं होतं. "आजाराचं नाव तेवढं बदलतो," तो म्हणाला.

"असं नको करूस. तुझं वेगळं आहे. झटका येताना तुला आधी कळतं का?"

"कधी कधी. डोळ्यांपुढे चमकायला लागतं, साधारण अर्धा तास आधी."

"मग तुला ऑफिसातून मध्येच निघायची मुभा हवी. आणि बसची वाट न बघता. शिवाय स्क्रीन बघता येत नाही, म्हणजे घरून काम करीन असं लिहून अडकू नकोस."

आम्ही कँटीनमध्ये बसून त्याचं वेगळं लिहिलं. त्याने सुरुवातीला दिलगिरी घातली होती. मी पेन त्याच्याच हातात दिलं, त्याने ती खोडली.

त्या वर्षीच्या मूल्यमापनात 'अनप्लॅन्ड'चा आकडा तसाच आला आणि त्याने माझी बढती लांबलीही असेल. मला कोणी तसं सांगितलं नाही. मी त्या ओळीपुढे हाताने लिहिलं, की या सर्व रजा मान्य व्यवस्थेनुसार आहेत, आणि पत्राचा संदर्भ देऊन सही केली. पुढच्या वर्षीही तसंच लिहिलं. आकडा गेला नाही, मी लिहायची थांबले नाही.

त्या मूल्यमापनाआधी, सहा महिन्यांची आढावा बैठक ठरल्याप्रमाणे झाली होती. तोवर एचआरची ती बाई खरंच दुसऱ्या कंपनीत गेली होती. तिच्या जागी आलेला तरुण लॅपटॉप उघडून म्हणाला, "सो मॅडम, प्रकृतीत काही सुधारणा? म्हणजे ही व्यवस्था आणखी किती दिवस लागेल?"

माझ्या आधी मॅनेजरच बोलले. "ते तिचे डॉक्टर बघतात," ते कोरडेपणाने म्हणाले. "आपण व्यवस्था चालते का ते बघायचंय. चालते. पुढे काय आहे तुमच्याकडे?"

तरुणाने पुढचं पान उघडलं. मी पाण्याचा ग्लास जवळ ओढला आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागले.